दागिन्यांचा कपडा कोणता असावा?
सोने-चांदी घरी स्वच्छ करणे व वेगवेगळे ठेवणे : एका कापड व्यापाऱ्याचा तजरबा

विटा गाव दोन धंद्यांवर ओळखले जाते. एक यंत्रमाग आणि दुसरा गलाई. आमच्या खानापूर, आटपाडी, तासगाव भागातील गलाईवाले जुने सोने-चांदी आटवून शुद्ध करण्याचे काम हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यात करतात. मी स्वतः कापडातला माणूस. पण शेजारपाजार गलाईवाल्यांचा असल्याने धातूच्या गोष्टी कानावर पडतात, आणि ते लोक दागिने कशात गुंडाळावेत हे विचारायला माझ्या दुकानी येतात. दागिना घरात ज्या कपड्यात ठेवला जातो तो कपडाच पुष्कळदा त्याचा शत्रू असतो, ही गोष्ट फार थोड्या घरांत ठाऊक आहे. आज त्यावरच लिहितो.

प्रथम सोने आणि चांदी यांतील फरक ध्यानात घ्यावा. सोने हवेने काळे पडत नाही. बावीस कॅरेटच्या दागिन्यात हजारात ९१६ भाग सोने असते, बाकी तांबे व चांदी. असा दागिना मंद दिसू लागला तर बहुतेक वेळी तो अंगाचे तेल, घाम, साबण आणि धूळ यांचा थर असतो. चांदीचे तसे नाही. चांदी गंधकाशी संयोग पावते आणि तिच्यावर काळा थर चढतो. हे गंधक हवेत असते, अंडी व कांद्यात असते, रबरात असते, लोकरीत असते. दमट हवेत हे काम जलद होते, म्हणून पावसाळा संपल्यावर पैंजण काळे निघतात. सोन्यावरचा मळ धुवून जातो. चांदीवरचा काळेपणा ही चांदीच असते, तो घासून काढला की चांदी जाते.

सोने धुण्याची रीत सोपी आहे. मोरीत किंवा नळाखाली धुऊ नये, परात किंवा भांडे घ्यावे. अर्धा लिटर कोमट पाण्यात सौम्य साबणाचे चार-पाच थेंब टाकावेत. आमच्या जुन्या बायका रिठा वापरीत, तोही उत्तम. चार रिठ्यांची साले रात्री पाण्यात भिजवून सकाळी ते पाणी गाळून घ्यावे. दागिना दहा-पंधरा मिनिटे भिजू द्यावा, मग लहान मुलांच्या मऊ ब्रशने कोपऱ्यांतला मळ काढावा, दुसऱ्या भांड्यातील स्वच्छ पाण्यात बुचकळावा व मऊ कपड्याने टिपावा. वापरलेले पाणी लगेच ओतू नये. आधी कपड्यातून गाळावे. सुटलेला खडा किंवा कडी तेथेच सापडते. सोनारांच्या दुकानातील धूळ धुऊन सोने काढणारे झारेकरी याच तत्त्वावर पोट भरत.

पण सर्वच दागिने पाण्यात घालण्यासारखे नसतात. बोरमाळेचे मणी पोकळ असून आत लाख भरलेली असते. कुंदनाच्या कामातही लाख असते. गरम पाण्याने लाख मऊ होते आणि आत शिरलेले पाणी बाहेर निघत नाही. मोती, पाचू, फिरोजा यांनाही भिजवणे वाईट. दोऱ्यात ओवलेली ठुशी आणि काळ्या मण्यांचा लच्छा भिजवला तर दोरा कुजतो. अशा सर्वांना ओलसर कपड्याने पुसून लगेच कोरडे करावे. कपडे पांढरे करण्याच्या क्लोरीनच्या पाण्याजवळ तर सोने नेऊच नये. ते सोन्याला खात नसले तरी त्यातील तांब्याला खाते व कडी ठिसूळ होते.

येथे दारावर येणाऱ्या पॉलिशवाल्यांविषयी सांगणे भाग आहे. त्यांच्या वाटीतले पाणी पुष्कळदा तेजाबाचे असते. शोऱ्याचे तेजाब आणि मिठाचे तेजाब एकत्र केले की त्यात सोने विरघळते. हे गलाईवाल्याला शिकवावे लागत नाही, कारण शुद्धीकरणात तोच उपाय आहे. बांगडी चकचकीत होऊन परत येते आणि सोने वाटीत राहते. ओळखण्याचा मार्ग वजन हाच आहे. धुण्यापूर्वी व नंतर सराफाच्या काट्यावर वजन करावे. साबणाने धुतलेल्या दागिन्यात फक्त मळाइतका किरकोळ फरक येतो. तेजाबाने नक्षीच्या कडा बोथट होतात आणि हॉलमार्कची अक्षरे पुसट होतात.

आता चांदी. राख, वाळू, टूथपेस्ट यांनी घासल्यास ती लख्ख दिसते, पण प्रत्येक वेळी वरचा थर जातो व बारीक ओरखडे राहतात. त्यापेक्षा ॲल्युमिनियमची रीत बरी. प्रथम साबणाने दागिन्याचे तेल काढावे, नाहीतर पुढचे काम होत नाही. काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात जेवण बांधण्याचा ॲल्युमिनियमचा कागद अंथरावा. त्यावर चांदी अशी ठेवावी की ती कागदाला टेकेल. एक लिटर खूप गरम पाण्यात तीन-चार मोठे चमचे खाण्याचा सोडा विरघळवून वरून ओतावा. दोन ते पाच मिनिटांत काळेपणा उतरतो. सडक्या अंड्यासारखा थोडा वास येतो आणि कागद मंद पडतो. कारण असे की येथे गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमकडे जाते आणि चांदी जागेवर राहते. खडे, मोती, लाख असलेल्या, सोन्याचे पाणी चढवलेल्या किंवा मुद्दाम काळी नक्षी ठेवलेल्या दागिन्यांवर हा प्रयोग करू नये. ज्या पैंजणात तांबे जास्त मिसळले आहे त्याचे डाग याने पूर्ण जात नाहीत.

स्वच्छ केलेली चांदी ठेवायची कशात, हा माझ्या धंद्याचा प्रश्न. नात्यातील एका घरी दोन सारखे पैंजण-जोड होते, एकाच दिवशी घेतलेले. एक जोड सुती मलमलीच्या तुकड्यात ठेवला, दुसरा काळ्या अस्तराच्या पिशवीत घालून रबराने बांधला. दोन्ही एकाच कपाटात. पावसाळ्यानंतर मलमलीतला किंचित पिवळसर झाला होता. पिशवीतला काळा पडला होता, आणि रबराच्या रेघेखाली तर शाईसारखा पट्टा उमटला होता. वर सांगितलेल्या रीतीने दोन वेळा केल्यावर तो उजळला. गलाईच्या काट्यावर आधी-नंतरचे वजन करून पाहिले, फरक दिसला नाही.

रबराचे कारण उघड आहे, पण पिशवीचे काय? कापडवाल्यांना सल्फर ब्लॅक हा रंग ठाऊक आहे. सुती मालाला काळा करण्याचा हा स्वस्त आणि पक्का रंग, आणि नावाप्रमाणेच त्यात गंधक असते. या रंगाचे थान वर्षानुवर्षे गोदामात पडले तर त्या गंधकाचे तेजाब होऊन कपडा जिरतो, बोटाच्या जोराने फाटतो. ज्या रंगाने सूत खाल्ले जाते तो चांदीला कसा सोडील? सर्वच काळा कपडा या रंगाचा नसतो, पण नजरेने ओळखता येत नाही. म्हणून काळे सुती अस्तर चांदीसाठी टाळावे. लोकरीची शाल आणि वर्तमानपत्राचा कागदही टाळावा.

पांढरा कपडा घेतला म्हणजे काम झाले असेही नाही. मागावरून उतरलेल्या कोऱ्या कपड्यात सायझिंगची खळ असते. ती स्टार्चची असते, त्यात चरबीही घातली जाते, आणि ती ओल धरून ठेवते. कपड्यावर टिंक्चर आयोडीनचा पातळ केलेला एक थेंब टाकून पाहावा. निळा-काळा डाग पडला तर खळ आहे. तो तुकडा कापून टाकावा व बाकी कपडा गरम पाण्यात दोनदा धुऊन चांगला खंगाळावा. म्हणूनच अनेकदा धुतलेली जुनी सुती मलमलची ओढणी नव्या कपड्यापेक्षा चांगली.

मखमली डबीचे किंवा रंगीत पिशवीचे कापड तपासायचे असेल तर लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील ओडी यांनी १९७३ साली सुचवलेली एक रीत आहे. म्युझियमवाले कापडाचा तुकडा, घासून स्वच्छ केलेला चांदीचा पत्रा आणि थोडे पाणी काचेच्या नळीत बंद करून ६० अंश उष्णतेत २८ दिवस ठेवतात. चांदी काळवंडली तर कापड नापास. घरी इतकी उष्णता शक्य नाही, पण चांदीच्या तारेचा घासलेला तुकडा किंचित ओलसर कापडासह घट्ट बरणीत घालून महिनाभर उबदार जागी ठेवावा. तसाच दुसरा तुकडा कापडाशिवाय दुसऱ्या बरणीत ठेवावा. दोन्ही शेजारी धरले की कापडाचा गुण-दोष कळतो.

ओरखडे आणि गुंता यांचे उत्तर मात्र एकच, प्रत्येक दागिन्याला त्याचा स्वतंत्र कपडा. सोने व चांदी दोन्ही मऊ धातू आहेत. साध्या धुळीतील वाळूचा कण त्यांच्यापेक्षा कठीण, माणिक त्याहून कठीण, हिरा तर सर्वांहून. एकाच डब्यात अंगठी आणि बांगडी घातली की अंगठीचा खडा बांगडीवर रेघ ओढतो. एक मीटर लांब व ९० सेंटिमीटर पन्ह्याच्या मलमलीतून ३० सेंटिमीटरचे नऊ चौकोन निघतात. कडा दुमडून शिवाव्यात, नाहीतर सुटलेले सूत खड्याच्या पकडीत अडकते. उरलेल्या पट्टीत साखळी ठेवावी. तिचा हूक लावून ती सरळ पसरावी, वरून पट्टी दुमडावी आणि मग गुंडाळी करावी. साखळीचा पदर पदराला भेटत नाही, म्हणून गाठ बसत नाही. पैंजणांचा प्रत्येक पाय वेगळा गुंडाळावा, कारण एकाची घुंगरे दुसऱ्याच्या कड्यांत अडकतात.

साखळीत गाठ पडलीच तर ओढू नये. काचेवर ठेवून खोबरेल तेलाचा एक थेंब सोडावा, दोन सुयांनी गाठ हळूहळू मोकळी करावी व नंतर साबणाच्या पाण्याने तेल धुवावे.

गुंडाळलेली चांदी साध्या पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून बंद केली तर काळी पडण्यास वेळ लागतो. मात्र त्याआधी ती तासभर पंख्याखाली पूर्ण वाळली पाहिजे, नाहीतर ओल आतच राहते. जाड, वास येणारे प्लास्टिक वापरू नये.

जकातीच्या हिशेबासाठी वर्षातून एकदा घरातले दागिने बाहेर निघतात व वजन होते. त्याच दिवशी कपडे धुऊन बदलावेत आणि प्रत्येक दागिन्याचे वजन एका चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून ती चिठ्ठी डब्याच्या झाकणात ठेवावी. पुढच्या वर्षी काट्यावर उभे राहिल्यावर काही कमी झाले की नाही, हे ती चिठ्ठीच सांगेल.