नऊ शेतांचा मध्यक कितपत खरा?

समजा, कन्नड तालुक्यातल्या पिशोर शिवारात मक्याची नऊ शेते चिठ्ठ्या टाकून निवडली आणि एकरी उतारा क्विंटलमध्ये मोजला: १२, १४, १५, १७, १८, २०, २३, २६, ४१. चढत्या क्रमातला पाचवा आकडा, १८, हा मध्यक. ४१ चे एकच शेत सरासरीला २१ जवळ ओढते. मध्यक जागचा हलत नाही. पण दुसरीच नऊ शेते निवडली असती तर?

पुन्हा मोजणी करणे परवडत नाही. १९७९ मध्ये अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडली एफ्रॉन यांनी यावर ‘बूटस्ट्रॅप’ ही रीत मांडली. नऊ आकडे नऊ चिठ्ठ्यांवर लिहून मडक्यात टाका. एक काढा, आकडा टिपा, चिठ्ठी परत मडक्यात टाका. असे नऊ वेळा करा. चिठ्ठी परत टाकली नाही तर दरवेळी तेच नऊ आकडे आणि तोच मध्यक येईल. परत टाकल्याने काही आकडे दोनदा येतात, काही गळतात. उदाहरणार्थ १२, १४, १४, १७, १७, २०, २३, २३, ४१, मध्यक १७.

संगणकावर असे हजार मध्यक काढून क्रमाने लावा. दोन्ही टोकांचे पन्नास-पन्नास वगळले की उरलेले साधारण १५ ते २३ मध्ये बसतात. म्हणून नुसते ‘१८’ न म्हणता ‘१८, पण १५ ते २३ मधले काहीही शक्य’ म्हणावे.

मात्र सगळी शेते एकाच कालव्याकाठची असतील, तर कोरडवाहू शेतांची खबर मडक्यात नसतेच. निवडीतला दोष हजार फेऱ्यांनीही निघत नाही.