दिवाळीची खोली श्रावणात भरते

मे संपत आला की मालवण-तारकर्लीला पाण्यातले खेळ बंद होतात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या थांबतात. तिथल्या कितीतरी होमस्टेंची इन्स्टाग्राम पानंही मग गप्प होतात. दिवाळी तोंडावर आली की घाईघाईनं फोटो पडू लागतात, पण तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे गेलेलं असतं.

मुंबईचं कुटुंब कोकणात यायचं ठरवतं तेव्हा आधी गाडीचं तिकीट बघतं. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात असेल, तर तिकिटाची धावपळ सप्टेंबरात होते आणि घरातली चर्चा त्याच्याही आधी. म्हणून दिवाळीतल्या मुक्कामाची माहिती, दर आणि रिकाम्या तारखा ऑगस्टच्या मध्यापासून दिसायला हव्यात. बाहेर तेव्हा धो-धो पाऊस असतो, निवळलेल्या समुद्राचा फोटो कुठून आणणार? तो गेल्या दिवाळीतच काढून ठेवलेला असावा लागतो. फोनमध्ये महिन्याच्या नावानं फोल्डर करावेत. या जुलैत लावणी चालू असताना तरवा उपटताना, जुड्या बांधताना, चिखलात रोवताना असे पंधरा-वीस सेकंदांचे चार-पाच तुकडे टिपावेत. एखादा लगेच टाकावा, बाकीचे पुढच्या मेअखेरीस, म्हणजे लोक पावसातली सहल ठरवत असताना.

जून-जुलैत आठवड्याला एक पोस्ट पुरते, मात्र ती खरी हवी. यांत्रिक बोटींच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. त्या काळात ताज्या सुरमईचं जुनं ताट दाखवलं, तर पाहुणा तेच मागणार आणि नाही मिळालं की नाराजी रिव्ह्यूमध्ये लिहून जाणार. त्यापेक्षा कुर्ल्यांचं सांबारं, टाकळ्याची भाजी, सुका बांगडा दाखवावा. समुद्रात उतरता येणार नाही, वीज जाते, हेही स्पष्ट लिहावं. जुलैत कुणी ‘स्नॉर्केलिंग आहे का?’ असं विचारू लागलं, की समजावं, वर दिसणारे फोटो चुकीचा निरोप देताहेत. अशा वेळी पावसातल्या घराचा फोटो पानावर सगळ्यात वर आणावा.

डागडुजीसाठी पंधरा दिवस घर बंद ठेवायचं असेल, तर गूगलवर ‘तात्पुरते बंद’ अशी खूण करून ती विसरून जाऊ नये. घर उघडल्यावरही ती तशीच राहिली, तर शोधणारा बंद समजून पुढच्या घराकडे वळतो. काम संपण्याची तारीख कॅलेंडरवर लिहावी आणि त्याच दिवशी खूण काढावी.

मे महिन्यात निघणाऱ्या पाहुण्यांना विचारून त्यांचा नंबर वेगळ्या यादीत ठेवावा. ऑगस्टअखेर त्यांना व्हॉट्सॲपवर दिवाळीच्या तारखा आणि दर एकदाच कळवावेत, सर्वांसाठी पोस्ट टाकण्याच्या दोन दिवस आधी.