सराफाची पेढी आणि खजुराची बाग

मराठीतला ‘सराफ’ अरबी ‘सर्राफ’वरून आला. एक नाणं देऊन दुसरं घेण्याच्या व्यवहाराला इस्लामी कायद्यात ‘सर्फ’ म्हणतात आणि तो करणारा तो सर्राफ. या व्यवहाराची एक आठवण हदीसच्या ग्रंथांत जपलेली आहे. खलिफा उमर यांच्या काळात मालिक बिन औस यांना 100 दीनार मोडून घ्यायचे होते. दीनार सोन्याचा, दिरहम चांदीचा. पैगंबरांचे सोबती तल्हा यांच्याशी भाव ठरला. त्यांनी सोनं हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, माझा खजिनदार गाबाहून आला की चांदी देतो. उमर हे ऐकत होते. त्यांनी मालिकना शपथेवर बजावलं की चांदी हातात पडेपर्यंत यांना सोडून जाऊ नका.

तल्हांच्या सचोटीबद्दल कुणाला शंका नव्हती. उशीरही फार तर काही तासांचा. तरी उमर अडून बसले, कारण सोन्याचं सोन्याशी बदलणं असो वा चांदीशी, दोन्ही बाजू एकाच बैठकीत चुकत्या व्हायला हव्यात, असा पैगंबरांचा दंडक होता. सोन्याला सोनं असेल तर वजनही समान हवं. सोन्याला चांदी असेल तर भाव हवा तो ठरवा, पण उधारी नको. पैशाच्या बदल्यात पैसा उधार ठेवला की मुदतीची किंमत भावात मिसळता येते, आणि ते व्याज, म्हणजे रिबा, बाहेरून विक्रीसारखं दिसतं. कागदी चलनालाही हाच नियम लागू आहे, असा ठराव इस्लामी फिकह अकादमीने 1986मध्ये केला. म्हणून आजच्या भावाने ठरवून दोन्ही चलनं महिन्याने द्यायची, असा सौदा बहुतेक शास्त्री मान्य करत नाहीत. मात्र बँकेत खात्यावर रक्कम जमा झाली की ती हातात आली असं धरतात.

मग शेतकऱ्याने काय करायचं? पैसा आज हवा, माल सहा महिन्यांनी येणार. मदिनेत पैगंबर आले तेव्हा लोक खजुरासाठी वर्ष-दोन वर्षं आधीच पैसे देत होते. त्यांनी ही रीत मोडली नाही. माप, वजन आणि मुदत ठरलेली हवी, एवढं सांगितलं. हाच ‘सलम’. हातात नसलेला माल विकू नये या नियमाला हा अपवाद आहे, आणि म्हणूनच त्याच्या अटी कडक आहेत.

पहिली अट मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते: किंमत पूर्ण आणि आत्ताच द्यायची. मालिकी पंथ तीन दिवसांची सवड देतो, इतर तीन पंथ बैठक सुटण्याआधीच पैसे मागतात. मालही उधार, पैसेही उधार, तर ती कर्जाशी कर्जाची अदलाबदल होईल, आणि ज्याच्यासाठी ही सूट दिली त्या शेतकऱ्याच्या हाती तर काहीच पडणार नाही.

दुसरी अट मालाच्या वर्णनाची. जात, प्रत, माप सांगायचं, पण अमक्याच्या बागेतला खजूर असं म्हणायचं नाही. त्या एका बागेला रोग लागला तर सौदाच हवेत राहील. आपल्याकडे मोहोरावर आंब्याची बाग देतात, तिथे घेणाऱ्याला किती फळ मिळणार हे कुणालाच माहीत नसतं; ही अनिश्चितता, म्हणजे ‘गरर’, सलममध्ये चालत नाही. ठरल्या मुदतीला तो माल बाजारात सर्वसाधारणपणे मिळणाराही हवा. स्वतःच्या बागेत पीक आलं नाही तर विकणाऱ्याने तो बाजारातून आणून द्यायचा असतो.

समजा, व्यापाऱ्याने 200 दिरहम मोजून 10 वसक खजूर घ्यायचे ठरवले. वसक म्हणजे 60 साअ, साधारण उंटाचं एक ओझं. हंगाम वाईट गेला, बाजारातही खजूर उरला नाही आणि 6च वसक मिळाले. भाव एव्हाना वसकाला 30 दिरहमवर गेलेला. उरलेल्या 4 वसकांसाठी व्यापारी पुढच्या हंगामापर्यंत थांबू शकतो किंवा आपले 80 दिरहम परत घेऊ शकतो. बाजारभावाने 120 मागता येत नाहीत, कारण मग 80 देऊन 120 घेतल्यासारखं होईल. थांबण्याबद्दल दंडही घेता येत नाही. तो मुदतीचा पैसा, म्हणजे पुन्हा रिबाच. हाती न आलेला खजूर मध्येच तिसऱ्याला विकताही येत नाही. सुरुवातीलाच तारण किंवा जामीन मागायची मात्र बहुतेक शास्त्र्यांच्या मते त्याला मुभा आहे, आणि सावध व्यापाऱ्याने तेच करावं.