आपोआप नूतनीकरण होणारे सभासदत्व : चार ओळींचा गोषवारा

व्यायामशाळेचे, म्हणजेच जिमचे, सभासदत्व घेताना सहीसाठी पुढे येणारा करार बहुधा चार-पाच पानांचा असतो. फलकावरील ‘दरमहा फक्त १,२०० रुपये’ एवढे वाचून सही केली जाते. वास्तविक त्या पानांचा गोषवारा चार ओळींत निघतो : एकूण खर्च, नूतनीकरणाची तारीख, रद्द करण्याची रीत आणि सहजी न दिसणारे आकार.

नमुन्यादाखल एक करार घेऊ. किमान मुदत सहा महिन्यांची, प्रारंभ १० जून रोजी. सहा महिन्यांची वर्गणी ७,२०० रुपये होते. आतल्या पानावर प्रवेश शुल्क १,००० रुपये आणि ओळखपत्राचे २०० रुपये सापडतात. ‘कर वेगळा’ हे दोन शब्द तर अगदी तळाशी असतात. सप्टेंबर २०२५ पासून या सेवेवर ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे. म्हणजे आणखी ४२० रुपये. एकूण रक्कम ८,८२० रुपये, अर्थात दरमहा १,४७० रुपये पडले. गोषवाऱ्यात हाच आकडा लिहावा. नूतनीकरण ‘त्या वेळच्या प्रचलित दराने’ होईल असे कलम असल्यास पुढील वर्गणी निश्चित नाही, हेही नमूद करावे.

खरी फसगत होते ती तारखेत. मुदत ९ डिसेंबरला संपते आणि १० डिसेंबरला पुढील सहा महिने आपोआप सुरू होतात. परंतु रद्द करण्याची लेखी सूचना ३० दिवस आधी द्यावी, असे कलम निराळ्याच पानावर असते. तेव्हा सभासदाच्या उपयोगाची तारीख १० डिसेंबर नसून १० नोव्हेंबर होय. कार्ड किंवा यूपीआयवरील आवर्ती कपातीची पूर्वसूचना रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार किमान २४ तास आधी मिळते खरी. पण ती ९ डिसेंबरच्या सुमारास येणार. तोवर कराराची मुदत टळून महिना होत आलेला असतो.

अशा वेळी अनेक जण बँकेला दिलेली कपातीची संमती मागे घेतात. त्याने पैसे जाणे थांबते, करार मात्र संपत नाही. चालक थकबाकी मागू शकतो. म्हणून करारात सांगितलेल्या रीतीनेच सूचना द्यावी, तिची पोच घ्यावी आणि त्यानंतर संमती रद्द करावी. ‘केवळ प्रत्यक्ष कार्यालयात येऊन’ अशी अट असल्यास ती सही करण्यापूर्वीच गोषवाऱ्यात उतरवावी.

नोंदणी एका क्षणात आणि रद्द करणे मात्र किचकट, या प्रकाराचा समावेश केंद्र शासनाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अनिष्ट प्रथा म्हणून झाला आहे. पोच घेऊनही कपात झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. त्या वेळी करार, पोच आणि बँकेचा उतारा हाताशी असावा.