जॉकी पंप

जॉकी पंप हा इमारतीच्या अग्निशमन वाहिन्यांमधील पाण्याचा दाब कायम राखणारा लहान पंप होय. सांध्यांतील किरकोळ गळतीमुळे उतरलेला दाब तो भरून काढतो. त्यामुळे मुख्य पंप विनाकारण सुरू होत नाही.

स्वयंचलित प्रारंभ
प्रत्येक पंपाला स्वतंत्र प्रेशर स्विच असतो. उदाहरणार्थ, धाराशिवमधील एखाद्या बहुमजली इमारतीत ७ बार दाब राखायचा असल्यास जॉकी पंप ६ बारला सुरू व ७ बारला बंद, मुख्य विद्युत पंप ५ बारला सुरू आणि राखीव डिझेल पंप ४ बारला सुरू, अशी योजना करता येते. हायड्रंट उघडताच जॉकी पंपाच्या क्षमतेपेक्षा अधिक पाणी बाहेर पडते, दाब ५ बारपर्यंत घसरतो व मुख्य पंप सुरू होतो. दाब पूर्ववत झाला तरी तो चालूच राहतो. आग विझल्याची खात्री करून तो हाताने बंद करतात.

दोष
जॉकी पंप वारंवार चालू-बंद होणे हे बहुधा गळतीचे लक्षण असते. अशा वेळी वीज गेल्यास दाब हळूहळू ४ बारपर्यंत उतरतो आणि आग नसतानाही डिझेल पंप सुरू होतो. हा त्रास टाळण्यासाठी निवड-स्विच ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर ठेवल्यास प्रत्यक्ष आगीत पंप आपोआप सुरू होत नाही. गळती शोधून बंद करणे हाच योग्य उपाय होय.