किमान पगार सत्तर हजार डॉलर

13 एप्रिल 2015 रोजी सिएटलमधल्या ग्रॅव्हिटी पेमेंट्सच्या सुमारे 120 कर्मचाऱ्यांना संस्थापक डॅन प्राइस यांनी बैठकीला बोलावलं. छोटी दुकानं आणि उपाहारगृहं यांच्याकडे कार्डाने होणारे व्यवहार पार पाडून त्यावर थोडंसं शुल्क घ्यायचं, हा या कंपनीचा धंदा. 2004 साली सुरू झालेल्या या कंपनीत तेव्हा सरासरी पगार होता वर्षाला 48 हजार डॉलर. प्राइस यांनी जाहीर केलं की, येत्या तीन वर्षांत कंपनीत कुणाचाही पगार 70 हजारांच्या खाली राहणार नाही. स्वतःचा सुमारे 11 लाख डॉलरचा पगारही ते 70 हजारांवर आणणार होते आणि उरलेला पैसा कंपनीच्या नफ्यातून काढणार होते. पत्रकारही बैठकीला हजर होते, त्यामुळे प्रसिद्धीचा हिशेब त्यात नव्हता असं म्हणता येत नाही.

पण त्या आधी या कंपनीत पगार कसे ठरत? चारचौघी कंपन्यांत ठरतात तसेच, बाजारभावाने. एका शहरात एकाच कामासाठी वेगवेगळ्या कंपन्या काय देतात, याचे आकडे विकत मिळतात. ते चढत्या क्रमाने लावले की मधला आकडा सापडतो, आणि त्याच्या आसपास पगाराचा पट्टा आखला जातो. पगारवाढीच्या वेळी माणूस पट्ट्यात कुठे बसतो आणि त्याचं काम कसं झालं, एवढंच पाहायचं. पद्धत सोपी असल्यामुळे साहेबाला वाद घालावा लागत नाही: 'बाजार हेच सांगतो.'

2011 मध्ये मात्र वाद झालाच. वर्षाला 35 हजार मिळवणाऱ्या एका तंत्रज्ञाने प्राइस यांना तोंडावर सुनावलं की, तुम्ही मला लुबाडताय. प्राइस यांनी आकड्यांचा दाखला दिला. तंत्रज्ञाचं म्हणणं होतं की, आकडे खरे असले तरी त्या पगारात नीट जगता येत नाही. त्याचा मुद्दा बिनतोड होता. इतर कंपन्या काय देतात हे सर्वेक्षणातून कळतं. सिएटलचं घरभाडं त्यात भागतं का, हे कळत नाही. पुढे प्राइस यांनी 20 टक्क्यांची वाढ दिली, आणि तिथूनच गाडी 2015 च्या घोषणेपर्यंत आली.

घोषणेतला नियम असा होता: 70 हजारांच्या आत असलेल्यांना पगार लगेच किमान 50 हजार किंवा 5 हजारांची वाढ, यांपैकी जे जास्त असेल ते. पुढे किमान रक्कम दरवर्षी 10 हजारांनी चढणार.

आता दोन काल्पनिक कर्मचारी घेऊ. एक नवखा, 35 हजारांवर. दुसरा चार वर्षं राबून 52 हजारांवर पोहोचलेला. दोघांतलं अंतर 17 हजार. पहिल्या टप्प्यात नवखा 50 वर गेला, अनुभवी 57 वर. अंतर 7 हजार. पुढच्या वर्षीही 5 हजारांची वाढ धरली, तर 60 आणि 62. तिसऱ्या वर्षी दोघेही 70 वर. अनुभवी माणसाचा एक डॉलरही कापला गेला नाही, उलट 18 हजार वाढले, पण चार वर्षांचा अनुभव पगारात दिसेनासा झाला. मानवी संसाधन विभागाच्या भाषेत याला पगारांचं आकुंचन म्हणता येईल. कार्यालयातल्या भाषेत 'मग मी इतकी वर्षं काय केलं?'

आणि नेमकं तेच झालं. दोन कसलेल्या कर्मचाऱ्यांनी कंपनी सोडली. नवख्यांना भरघोस वाढ मिळते आणि कामाचा सगळ्यात जास्त भार उचलणाऱ्यांच्या पदरात फारसं काही पडत नाही, ही त्यांची तक्रार होती. काही ग्राहकही गेले. शुल्क वाढेल अशी त्यांना धास्ती होती. दुसरीकडे प्रसिद्धीमुळे नवे ग्राहक आले आणि नोकरीसाठी अर्जांचा पाऊस पडला. खालचा पगार वर ढकलायचा तर वरचे पट्टेही थोडे सरकवावे लागतात, आणि त्याचा खर्च घोषणेतल्या आकड्यापेक्षा मोठा असतो. भाषणात टाळ्या मात्र किमान रकमेलाच मिळतात.

प्राइस यांनी 2022 मध्ये वैयक्तिक वर्तनाबद्दलच्या आरोपांनंतर पद सोडलं. पगाराच्या धोरणाचं मूल्यमापन त्यापासून वेगळं करायला हवं.

धोरणाची खरी परीक्षा 2020 मध्ये झाली. महामारीत दुकानं बंद पडली आणि कंपनीचं उत्पन्न सुमारे निम्म्यावर आलं. प्राइस यांनी कर्मचाऱ्यांपुढे हिशेब मांडला आणि काय करायचं ते विचारलं. नाव न लिहिता कोण किती पगार सोडू शकेल हे प्रत्येकाने कळवायचं, असं ठरलं. बहुतेकांनी काही ना काही सोडलं. कुणालाही कामावरून काढावं लागलं नाही आणि कापलेला पगार कंपनीने पुढे परत केला.