बोल्ट निघाला, पण काय घेऊन निघाला?

सोसायटीच्या गच्चीवर सोलरचा उंच सांगाडा उभा करायचा आहे असं धरू. चाळीस खांब, प्रत्येकाच्या तळपट्टीला चार बोल्ट, म्हणजे एकूण १६० अँकर. काँक्रीटमध्ये भोक पाडून, त्यात केमिकल भरून, १२ मिलिमीटर जाडीचे आटेवाले रॉड बसवलेत. कंत्राटदार एक पानी पुल-आउट रिपोर्ट देतो: चार अँकर तपासले, १२ किलोन्यूटन, ‘पास’. कमिटी फाइल बंद करते. मला विचाराल तर वाचायला खरी सुरुवात इथून व्हायला हवी.

आधी ते १२ कुठून आले? वादळी वाऱ्यात पॅनेल वर उचलली जातात तेव्हा एका अँकरवर फार तर ८ किलोन्यूटन, म्हणजे साधारण आठशे किलोंची खेच येईल, असं डिझायनरनं काढलं. त्याच्या दीडपट १२. ब्रिटिश मानक बीएस ८५३९ मध्ये असाच हिशेब आहे: दीडपट खेचणार असाल तर चाळीसात एक अँकर तपासा, सव्वापटच खेचणार असाल तर वीसात एक, पण तीनपेक्षा कमी नकोत. १६० ला चार, हिशेब जुळला. मात्र हे चार कुणी निवडले? बसवणाऱ्यानंच निवडले असतील, तर त्याला आपले चांगले बोल्ट कोणते हे पक्कं माहीत असतं.

खेच जॅकनं देतात. मधोमध पोकळ असलेला हायड्रॉलिक जॅक बोल्टवर बसवायचा आणि हातपंपानं दाब चढवायचा. गेज किलोन्यूटन दाखवेलच असं नाही. बहुतेकदा ते बार दाखवतं. जॅकच्या दट्ट्याचं क्षेत्रफळ २००० चौरस मिलिमीटर असेल, तर ६० बारला १२ किलोन्यूटन होतात. म्हणून रिपोर्टवर जॅकचा क्रमांक आणि कॅलिब्रेशनची तारीख लागते. नाहीतर ६० हा आकडा नुसता आकडा. दाब चढवून थोडा वेळ धरून ठेवायचा. काटा खाली घसरला नाही आणि बोल्ट हलल्याचं दिसलं नाही, तर अँकर पास.

आता ‘फेल्युअर मोड’चा रकाना. आपल्या रिपोर्टात तिथे ‘नाही’ लिहिलंय, आणि ते बरोबरच आहे. ही चाचणी मोडण्यासाठी नव्हतीच. पण त्यामुळे अँकर १३ ला निघाला असता की ४० ला, हे त्या कागदावरून कळत नाही. ते कळायला त्याच स्लॅबवर बाजूला तीन-चार जादा बोल्ट बसवून निघेपर्यंत खेचावे लागतात. मग आकड्यापेक्षा जास्त बोलतं ते बाहेर आलेलं.

रॉडच तुटला तर उत्तम, साध्या ५.८ प्रतीचा रॉड साधारण ४२ किलोन्यूटनला तुटतो. बोल्टाभोवतीचं काँक्रीट उलट्या शंकूसारखं उपटून आलं, तर केमिकलनं काम केलंय, काँक्रीट कमी पडलंय. फक्त इथे एक मेख आहे. शंकू खोलीच्या दीडपट अंतरापर्यंत पसरतो. बोल्ट ११० मिलिमीटर खोल असेल, तर जॅकचे पाय त्याच्यापासून १६५ मिलिमीटरच्या बाहेर हवेत. पाय जवळ टेकवले तर तेच काँक्रीट दाबून धरतात आणि शंकू निघूच देत नाहीत.

तिसरा प्रकार मला सगळ्यात बोलका वाटतो. केमिकलचा कडक दांडा रॉडसकट अख्खा सरकून बाहेर येतो आणि त्यावर पिठासारखी धूळ चिकटलेली असते. भोक साफ केलेलं नाही. नुसती फुंकर पुरत नाही; हवा, तारेचा ब्रश, पुन्हा हवा, असं करावं लागतं. आणि धूळ तांबडी निघाली तर आणखी वाईट: बोल्ट स्लॅबपर्यंत पोचलाच नाही, वरच्या विटकोब्यातच अडकलाय. रिपोर्टात मात्र ‘एम २५ काँक्रीट’ असंच छापलेलं असतं.

चाचणी काही मिनिटांची, खेच मात्र वर्षानुवर्षांची असू शकते. १० जुलै २००६ ला बॉस्टनच्या बोगद्यात छताच्या काँक्रीट पट्ट्या मोटारीवर कोसळल्या आणि एका स्त्रीचा जीव गेला. छत टांगलेलं होतं इपॉक्सीतल्या अँकरवर. बसवल्यावर ते खेचून तपासलेले होते. पण अमेरिकी तपास यंत्रणेला आढळलं, की झटपट घट्ट होणारं ते इपॉक्सी सततच्या ओझ्याखाली हळूहळू सरकत गेलं. काही बोल्ट खाली आल्याचं १९९९ मध्येच दिसलं होतं. गच्चीवरच्या सांगाड्याला ही भीती कमी, कारण एरवी त्याचं वजन खालीच दाबतं आणि खेच वाऱ्यापुरती येते. त्याच इमारतीच्या पार्किंगच्या छताला टांगलेल्या, पाण्यानं भरलेल्या आगीच्या पाइपांचे बोल्ट मात्र रात्रंदिवस ओढले जात असतात. त्यांच्यासाठी रिपोर्टसोबत त्या केमिकलची दीर्घकालीन भाराखालची मान्यता मागावी आणि अधूनमधून नटाखालची फट बघावी.